नव्या बिडाच्या तव्यावर तेल नेमके काय करते?

गॅसच्या शेगडीमागच्या फरशीवर किंवा तेलाच्या बुधल्याच्या तळाशी जो पिवळसर, चिकट थर साचतो, तो काढताना प्रत्येकाने हात दुखवून घेतलेले असतात. साबणाने तो सहज निघत नाही, गरम पाण्याला दाद देत नाही आणि नखाने खरवडला तर रबरासारखा गोळा होऊन येतो. हा थर म्हणजे नुसते वाळलेले तेल नव्हे. तेलातले पाणी उडून ते घट्ट झाले, असेही नाही, कारण तेलात उडून जाण्याजोगे पाणी मुळात नसतेच. तेलाचे सुटे रेणू हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे जाळे तयार होऊ लागलेले असते, आणि ते अर्धवट विणलेले जाळे आपल्या बोटांना चिकट लागते. नवा बिडाचा तवा तेल लावून तापवतात, म्हणजे ज्याला हल्ली सीझनिंग आणि घरगुती भाषेत तवा रुळवणे म्हणतात, तेव्हा हीच क्रिया आपण मुद्दाम घडवून आणतो. फरक इतकाच की ती अर्ध्यावर न थांबवता पुरी करायची असते.

असे जाळे विणण्याची तयारी प्रत्येक तेलात सारखी नसते. तेलातील मेदाम्लांच्या साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये जिथे दुहेरी बंध असतात, त्यांच्या लगतच्या जागी ऑक्सिजन हल्ला करतो आणि तिथूनच एक साखळी दुसरीला जोडली जाते. जितके दुहेरी बंध अधिक, तितके तेल लवकर घट्ट होते. ही तयारी मोजण्यासाठी १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, ते पाहतात. जवसाच्या तेलाचा हा आकडा १७०च्या पुढे जातो, म्हणून चित्रकारांच्या तैलरंगात आणि क्रिकेटच्या बॅटवर तेच तेल वापरले जाते. सोयाबीन, सूर्यफूल आणि आपल्याकडचे करडईचे तेल साधारण १२० ते १५०च्या टप्प्यात येते, शेंगदाण्याचे ९०च्या आसपास, तर खोबरेल अवघे १०च्या आगेमागे. त्यामुळे स्वयंपाकाला कोकणात खोबरेल कितीही रुळलेले असले, तरी नवा तवा तयार करण्यासाठी ते सर्वांत कमी उपयोगाचे आहे. तूपही याच कारणाने बाजूला ठेवावे. जवसाचे तेल मग सर्वोत्तम ठरायला हवे, पण त्याचा थर इतका कडक आणि ठिसूळ होतो की तवा वारंवार तापून-निवून प्रसरण-आकुंचन पावू लागला की तो पापुद्र्यांनी सुटतो. माझ्या मते साधे रिफाइंड सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे तेल या कामाला पुरेसे आहे. दोन्ही घरात असतात आणि दोन्ही २३० अंशांच्या आसपास धूर धरू लागतात, ज्याचा पुढे उपयोग होणार आहे.

नव्या तव्यावर आधीच काही तेल असते, याचा अनेकांना विसर पडतो. गोदामात आणि दुकानात गंज चढू नये म्हणून त्याला बहुधा खनिज तेल किंवा मेण लावलेले असते. खनिज तेलात दुहेरी बंध जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते कितीही तापवले तरी त्याचे जाळे होत नाही. ते खाण्यायोग्य नाही, ही गोष्ट वेगळीच. म्हणून पहिली धुलाई भांड्यांच्या साबणाने, गरम पाण्याने आणि काथ्याने किंवा घासणीने, धुण्याचे पाणी काळपट यायचे थांबेपर्यंत करावी. बिडाच्या लोखंडात सुमारे ३ टक्क्यांच्या वर कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या रूपात असतो, त्यामुळे किंचित करडेपणा फडक्याला लागत राहील आणि त्यात काही वावगे नाही. कुठे गंजाचे ठिपके दिसले तर आंबलेली पेज किंवा चिंचेचे पाणी तासभर घालून ठेवण्याचा जुना प्रघात बरोबर आहे, कारण आम्ल गंज विरघळवते. मात्र त्यानंतर तवा उघडाच ओला ठेवला, तर पाच-दहा मिनिटांत त्यावर नारिंगी झाक येते. ती पाहून घाबरू नये, पण तवा फडक्याने पुसून लगेच मंद आचेवर कोरडा करावा आणि पाणी उडाल्यावरही दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा.

आता तेलाचे प्रमाण. बहुतेक तवे इथेच बिघडतात, आणि माझा पहिला तवाही इथेच बिघडला. लोखंडाने तेल भरपूर ‘प्यावे’ अशा समजुतीने मी दोन चमचे तेल चोळून तो तापवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला हात लावला, तर पावसाळ्यात फुगलेल्या जुन्या रंगाच्या दरवाजासारखा तो हाताला चिकटला. लोखंड तेल पीत नाही. तापल्यावर त्याची छिद्रे उघडतात, हे म्हणणेही खरे नाही. बिडाचा पृष्ठभाग साच्यातल्या वाळूमुळे खरबरीत असतो, इतकेच. तेव्हा सगळे तेल वरच राहते आणि ते किती जाड राहते, हे हिशेबाने सांगता येते. २८ सेंटिमीटर व्यासाच्या तव्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ६१५ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर ५ मिलिलिटरचा एक चमचा तेल सारखे पसरले, तर त्याची जाडी सुमारे ८० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी होते. ऐकायला हे पातळ वाटते, पण जाळे विणायला ऑक्सिजन लागतो आणि तो फक्त वरून येतो. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, मग तोच खालच्या तेलाचा ऑक्सिजन अडवतो आणि आत कच्चा, चिकट रस राहून जातो. याच तव्यावर सहा थेंब, म्हणजे सुमारे ०.३ मिलिलिटर तेल राहिले, तर थराची जाडी ५ मायक्रॉन होते आणि तो आरपार पक्का होतो. सहा थेंब मोजून लावणे अर्थात शक्य नसते. त्यासाठी हाताला जेमतेम सोसेल इतक्या कोमट तव्यावर अर्धा चमचा तेल मागे-पुढे, काठाला आणि मुठीला चोळावे आणि मग दुसऱ्या कोरड्या सुती फडक्याने, जणू तेल चुकून सांडले आहे अशा रीतीने, ते सगळे पुसून काढावे. पुसल्यावरही जे राहते तेच हवे असते. तव्याला चकाकी दिसत असेल तर तेल अजून जास्त आहे. तो नुसता सावळा, मंद दिसला पाहिजे.

कापलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा, या आपल्या जुन्या पद्धतीचे मर्म मला यातच दिसते. कांद्याच्या रसात तव्याला तयार करणारे काही जादूचे द्रव्य असावे, असे मी मानत नाही. तो एक उत्तम, स्वस्त कुंचला आहे, जो तापल्या तव्यावर जळत नाही आणि तेल दाट बसू देत नाही.

तापवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांच्यातला खरा फरक उष्णता कशी पसरते यात आहे. बीड अॅल्युमिनियमच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याने उष्णता वाहून नेते. त्यामुळे गॅसवर ठेवलेल्या तव्याचा मधला भाग ज्योतीवर रसरसत असताना काठ बराच थंड असतो. ओव्हनमध्ये हा प्रश्न उरत नाही. घरगुती ओव्हन २३० अंशांवर लावून, तवा त्यात पालथा ठेवावा, म्हणजे उरलेसुरले तेल खोलगट भागात साचणार नाही. खाली थेंब गळतील म्हणून एक ताटली ठेवावी. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ असेल तर ती आधी काढावी. ओव्हन पूर्ण तापल्यापासून एक तास ठेवून, मग बंद करून तवा आतच निवू द्यावा. तेल लावणे, पुसणे आणि तापवणे हे चक्र तीन-चार वेळा केले की तांबूस तपकिरी रंग गडद होत जातो. पहिल्याच फेरीत काळाभोर रंग येईल, ही अपेक्षा चुकीची आहे.

तवा ओव्हनमध्ये मावत नसेल तर गॅस आहेच, फक्त तिथे तव्याला एका जागी बसू द्यायचे नाही. मध्यम ज्योतीवर मध्य तापवला की तवा सरकवून काठाचा एक भाग ज्योतीवर आणावा, मग पुढचा, असे घड्याळाच्या काट्याप्रमाणे पूर्ण वळण घ्यावे. प्रत्येक भागावर धूर उठेल, मग हळूहळू थांबेल. धूर सुरू होणे म्हणजे त्या भागाने २३० अंशांच्या आसपासचे तापमान गाठले, आणि तो थांबणे म्हणजे त्या भागातले तेल पक्के झाले. थर्मामीटर नसला तरी धूर हे काम करतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. धूर थांबल्यावरही तो भाग तापवत राहिले, तर उलटे घडते: थर करडा होतो, चारशे अंशांच्या आसपास तर तो जळूनच जातो आणि खाली उघडे लोखंड दिसू लागते. गॅसवर रुळवलेल्या तव्यात म्हणूनच बऱ्याचदा मध्यभागी करडे वर्तुळ आणि काठाला चिकट पट्टा असे दोन्ही दोष एकाच वेळी दिसतात. करड्या वर्तुळाला पुन्हा एक पातळ हात पुरतो. चिकट पट्ट्यावर नवे तेल लावू नये. तो भाग आधी तेलाशिवाय तापवून धूर संपेपर्यंत पक्का करावा. तेही न जमल्यास घासून काढावा.

पत्र्याच्या लोखंडी कढईची गोष्ट थोडी वेगळी आहे. पत्रा पातळ असल्याने लवकर तापतो आणि तेल लावण्याआधीच कोरडा तापवला तर त्यावर पिवळट, तपकिरी, जांभळा आणि अखेर निळा रंग चढताना दिसतो. हा रंग लोखंडाच्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा आहे. निळा रंग तीनशे अंशांच्या जवळ येतो, आणि तो दिसला की गॅस बंद करण्याची वेळ झाली. कढई हातात कोमट लागेपर्यंत निवल्यावर मग तेलाचा पातळ हात द्यावा. बिडाचा तवा तापलेला असताना मात्र त्यावर थंड पाणी कधीही ओतू नये, तो ठिसूळ असल्याने तडकतो.

तवा तयार झाला की नाही, हे तो पूर्ण निवल्यावर बोट फिरवून कळते. बोट कोरडे, गुळगुळीत सरकले आणि ठसा उमटला नाही, तर जाळे पुरे विणले गेले आहे. तरीही पहिले आठ-दहा दिवस त्यावर कांदा परतावा, तेल सोडून धिरडी घालावीत. घावनाची पातळ पिठी किंवा अंडे इतक्यात नको, कारण नवा थर अजून खालचा खरबरीतपणा भरून काढत असतो आणि उघड्या लोखंडाला प्रथिने घट्ट धरतात. चिंच, टोमॅटो आणि आमसूल तर दीर्घकाळ दूर ठेवलेले बरे. आम्ल थरातल्या बारीक फटींतून लोखंडापर्यंत पोहोचते, थर खालून सुटतो आणि सार काळे पडते. धुताना साबणाचा हलका हात चालतो, कारण साबण तेल काढतो, पक्के झालेले जाळे नव्हे. मात्र धुतलेला तवा भांड्यांच्या जाळीत निथळत ठेवू नये, तो लगेच गॅसवर कोरडा करावा.