फ्रीजमध्ये तेल थिजलं म्हणजे भेसळ?

"ताई, फॉरवर्ड आलाय की शेंगदाणा तेल फ्रीजमध्ये थिजलं तर त्यात पामतेल असतं, आणि तुमचं थिजलं हो!"

दादरच्या एका काकूंचा हा मेसेज, आणि त्यांची काळजी मला पटते, पैसे मोजून घेतलेलं तेल आहे शेवटी. पण काकू, शेंगदाण्याच्या तेलात मुळातच काही फॅट असे असतात जे गारठ्यात कण धरतात, त्यामुळे शुद्ध तेलसुद्धा फ्रीजमध्ये आधी गढूळ आणि मग घट्ट होतं. पामतेलही थिजतं, म्हणून नुसतं थिजण्यावरून दोघांतला फरक कळत नाही.

आमच्याकडे 10 किलो दाण्यांतून साधारण 4 किलो तेल निघतं, ते काही दिवस तसंच ठेवतो, गाळ खाली बसला की वरचं कापडातून गाळतो, बस. हे थिजणारे फॅट आम्ही काढत नाही. सूर्यफुलाच्या रिफाइंड तेलात मेण असतं, ते बरेचदा कारखान्यात गार करून काढतात, म्हणून ती बाटली फ्रीजमध्येही बऱ्यापैकी स्वच्छ दिसते.

घरी एवढं बघा, बाटली ओट्यावर ठेवा, मुंबईच्या हवेत काही तासांत तेल परत पातळ आणि स्वच्छ व्हायला हवं. तरी गढूळ राहिलं तर गाळ नाहीतर ओलावा राहिलाय, बाटली परत आणा. भेसळ मात्र लॅबमध्येच कळते, तिथे बेलियर टेस्ट सांगा, त्यात तेलावर रसायनांची प्रक्रिया करून ते द्रावण हळूहळू गार करतात, शेंगदाणा तेलाचं द्रावण 39 ते 41 अंश सेल्सिअसच्या आसपास गढूळ व्हायला लागतं, दुसरं तेल बरंच मिसळलेलं असेल तर सहसा हा आकडा हलतो.