एका घनातले दोन बिंदू आणि सहापदरी इंटिग्रल

एक एकक बाजूचा घन घ्या. त्याच्या आत डोळे मिटून दोन बिंदू टाका. त्यांच्यातलं अंतर सरासरी किती असेल?

प्रश्न शाळकरी वाटतो, पण तो सोडवायला बसलं की पेन्सिल लगेच अडखळते. पहिल्या बिंदूचे तीन निर्देशक, दुसऱ्याचे तीन, आणि प्रत्येक निर्देशक ० ते १ मध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे सरासरी काढायची म्हणजे सहा चलांवर, एकात एक अशी सहा इंटिग्रलं सोडवायची. या इंटिग्रलचं नेमकं सूत्र निघालेलं आहे. त्यात वर्गमुळं, लॉगॅरिदम आणि π अशी सगळी मंडळी हजर आहेत आणि किंमत येते ०.६६१७०७... बहुतेक बहुचल इंटिग्रलांच्या नशिबी असं सूत्र नसतं. म्हणूनच हे उदाहरण मला आवडतं. इथे उत्तर आधीच हातात आहे, त्यामुळे अंदाजाची पद्धत किती चुकते हे तपासून बघता येतं.

पद्धत अगदी सरळ आहे. सहा यादृच्छिक संख्या घ्या, त्यांचे दोन बिंदू करा, अंतर मोजा. हेच पुन्हा पुन्हा करा आणि सरासरी काढा. वर्गमुळं सुटसुटीत यावीत म्हणून सोयीचे आकडे घेऊन एक जोडी पाहू: (०.२, ०.७, ०.५) आणि (०.९, ०.३, ०.१). फरक ०.७, ०.४, ०.४. त्यांच्या वर्गांची बेरीज ०.८१, म्हणजे अंतर ०.९. अशाच आणखी तीन जोड्यांची अंतरं ०.३, ०.७ आणि ०.६ आली असं समजा. चौघांची सरासरी ०.६२५. फक्त चार जोड्यांत आपण खऱ्या उत्तरापासून ०.०३७ एवढ्यावर येऊन ठेपलो. यात नशिबाचा वाटा आहे, पण किती, तेही सांगता येतं.

एकेक अंतर सरासरीपासून साधारण किती भरकटतं याचं माप म्हणजे प्रमाण विचलन, σ. आपल्या घनात अंतराच्या वर्गाची सरासरी नेमकी ०.५ येते. त्यातून ०.६६१७ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की σ मिळतो सुमारे ०.२४९. आता N जोड्यांच्या अंतरांची बेरीज करू. काही अंतरं जास्त निघतात, काही कमी, आणि बरीचशी चूक आपसात फिटते. स्वतंत्र नमुन्यांच्या बाबतीत चुका थेट मिळवायच्या नसतात, चुकांचे वर्ग मिळवायचे असतात. म्हणून बेरजेतली चूक N पट न होता √N पट होते. सरासरीसाठी N ने भागलं की उरतं

```
σ / √N
```

चार जोड्यांसाठी हे ०.१२५ आहे, म्हणजे आपलं ०.६२५ अपेक्षेपेक्षा बरंच बरं निघालं. १०० जोड्यांना चूक साधारण ०.०२५, १०,००० ला ०.००२५, दहा लाखांना ०.०००२५. दशांशाचं एक घर पुढे सरकायचं तर शंभरपट मेहनत. सहाव्या घरातल्या एका एककापर्यंत चूक आणायची म्हटलं तर सुमारे ६,२०० कोटी जोड्या लागतील. हा भाव महाग आहे, यात शंका नाही.

मग ही पद्धत वापरायची कशाला? σ / √N या सूत्रात काय नाही ते बघा. मिती किती आहेत याचा तिथे उल्लेखच नाही. पर्यायी पद्धत म्हणजे प्रत्येक अक्षावर समान अंतरावर बिंदू मांडून जाळी करायची. अक्षावर फक्त १० बिंदू घेतले तरी सहा मितींत ते दहा लाख होतात. जाळी दुप्पट बारीक केली की साध्या समलंब नियमाची चूक चौथ्या हिश्श्यावर येते, पण सहा मितींत त्यासाठी बिंदू ६४ पट लागतात. यादृच्छिक नमुने ६४ पट केले तर चूक आठव्या हिश्श्यावर येते. एका मितीत चित्र उलटं असतं, तिथे जाळी सहज जिंकते. बरोबरी होते चार मितींना: बिंदू १६ पट, चूक दोन्हीकडे चौथा हिस्सा. १९४६ मध्ये आजारपणातून बरं होत असताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळणाऱ्या गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलामला यादृच्छिक नमुन्यांची ही कल्पना सुचली. ती लगेच लागू पडली न्यूट्रॉनांच्या प्रवासाला, आणि त्या हिशेबात चलं ढिगाने असतात.

संगणकावर सगळं एवढ्यात होतं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
N = 10_000
a, b = rng.random((N, 3)), rng.random((N, 3))
d = np.sqrt(((a - b)**2).sum(axis=1))
print(d.mean(), d.std(ddof=1) / np.sqrt(N))
```

छापून येणारा दुसरा आकडा म्हणजे चूक किती असेल याचा अंदाज, आणि तो त्याच नमुन्यांतून निघतो, σ आधी माहीत असावा लागत नाही. पहिल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना एवढा पट्टा धरला तर साधारण तीनपैकी दोन वेळा खरं उत्तर त्यात असतं, पट्टा दुप्पट केला तर शंभरात ९५ वेळा.

पण हा दुसरा आकडा फसवूही शकतो. त्याच घनात अंतराऐवजी 1/d² ची सरासरी काढून बघा. एखाद्या बिंदूपासून r अंतरावरच्या पातळ कवचाचं आकारमान r² च्या प्रमाणात असतं. ते 1/r² ला खोडून काढतं, म्हणून सरासरी सांत आहे, एक आकडीच आहे. σ साठी मात्र वर्गाची, म्हणजे 1/d⁴ ची सरासरी लागते. तिथे r² पुरा पडत नाही आणि σ अनंत होतो. नमुन्यांतून काढलेला σ अर्थात सांतच दिसतो, आणि घात तिथेच होतो.

दहा लाख जोड्यांत सर्वांत जवळच्या जोडीचं अंतर साधारण ०.००६ असतं. तिचं 1/d² भरतं २६ हजारांच्या घरात, म्हणजे ही एकटी जोडी सरासरी ०.०२६ ने हलवते. हजारात एखाद्या वेळी सर्वांत जवळची जोडी याच्याही दहापट जवळ येते आणि सरासरी २.६ ने उडते. शंभरपट नमुने घेतले तरी चूक दहापट घटत नाही, जेमतेम साडेचार-पाच पट घटते. हे ओळखायचं कसं? N वाढवत जाताना σ चा अंदाज लिहून ठेवा. d साठी तो काही हजार जोड्यांत ०.२४९ च्या आसपास स्थिरावतो. 1/d² साठी तो मधूनच उडी मारतो, हळूहळू खाली येतो, पुन्हा उडी मारतो आणि एकंदरीत चढतच राहतो. वर्गांच्या बेरजेत एकाच नमुन्याचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल, तर छापलेल्या चुकीवर विश्वास ठेवू नये.

इलाज नमुने निवडण्याच्या पद्धतीत आहे. पहिला बिंदू पूर्वीसारखाच टाका. दुसऱ्यासाठी पहिल्यापासून एक यादृच्छिक दिशा घ्या, आणि त्या दिशेने ० ते √३ मधलं कोणतंही अंतर समान शक्यतेने निवडा. घनातलं सर्वांत लांब अंतर √३ च असतं. असे बिंदू जवळच्या भागात आपोआप दाट पडतात, आणि ही दाटी भरून काढायला लावलेलं वजन 1/d² ला पूर्ण खोडतं. बिंदू घनाबाहेर गेला तर ० लिहायचं, आत पडला तर 4π√3, म्हणजे सुमारे २१.८. नमुन्याच्या दोनच किमती उरल्या, अनंताकडे पळणारी एकही नाही. σ पुन्हा सांत झाला, आणि शंभरपट नमुन्यांना दहापट कमी चूक हा हिशेब परत लागू झाला.