रिटेन्शन 38 टक्के आलं, म्हणून व्हिडिओ कापायचा का?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्हिडिओ यूट्यूबवर गेला की दोन-चार दिवसांत आमच्याकडे एक स्क्रीनशॉट येतो. त्यात रिटेन्शनवर, म्हणजे प्रेक्षकांनी व्हिडिओचा सरासरी किती टक्के भाग पाहिला त्या आकड्यावर, लाल गोल काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं: "38 टक्केच? मागच्या व्हिडिओला 62 होते. जरा छोटा करून द्या." मागचा व्हिडिओ तीन मिनिटांचा असतो आणि हा बारा मिनिटांचा. ही तुलना चुकीची आहे आणि तिच्यामुळे तुमचे पैसे व आमचे दिवस दोन्ही वाया जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

व्हिडिओ जितका लांब, तितकी टक्केवारी खाली येणं स्वाभाविक आहे. तीन मिनिटांच्या व्हिडिओचे 62 टक्के म्हणजे 1 मिनिट 52 सेकंद. बारा मिनिटांच्या व्हिडिओचे 38 टक्के म्हणजे जवळपास साडेचार मिनिटं. ज्याला तुम्ही नापास करता, त्या व्हिडिओजवळ माणूस दुपटीहून जास्त वेळ थांबलेला असतो. आता हाच व्हिडिओ सात मिनिटांचा केला आणि लोक सरासरी 3 मिनिटं 20 सेकंद थांबले असं धरू. टक्केवारी 47 च्या पुढे जाईल आणि स्क्रीनशॉट छान दिसेल, पण प्रत्येक प्रेक्षकामागे पाहण्याचा वेळ सव्वा मिनिटाने घटलेला असेल. टक्केवारी वाढली ती भागाकारातला खालचा आकडा लहान झाला म्हणून.

म्हणून रिटेन्शनची रेषा, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक टप्प्याला किती प्रेक्षक टिकले ते दाखवणारा आलेख, चांगली की वाईट हे तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी ताडूनच ठरवावं लागतं. त्यासाठी यूट्यूब दोन मापं देतं आणि ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

पहिलं माप यूट्यूब स्टुडिओतच दिसतं. व्हिडिओच्या Analytics मध्ये रिटेन्शनच्या रेषेमागे फिकट पट्टा असतो, तो तुमच्या चॅनेलच्या नेहमीच्या कामगिरीचा. तुमच्याच साधारण तेवढ्याच लांबीच्या अलीकडच्या 10 व्हिडिओंवरून तो काढलेला असतो. रेषा पट्ट्याच्या वर असेल, तर व्हिडिओ तुमच्या नेहमीपेक्षा बरा आहे, एवढंच कळतं. आधीचे दहाही कमजोर असतील तर त्यांच्यावर चढणं सोपं असतं, आणि चॅनेल आधीच उत्तम चालत असेल तर चांगला व्हिडिओही पट्ट्यात बुडालेला दिसतो. नुसत्या या पट्ट्यावरून आम्ही निर्णय घेत नाही.

दुसरं माप सगळ्या यूट्यूबवरच्या समान लांबीच्या व्हिडिओंशी तुलना करतं. ते यूट्यूब अॅनालिटिक्स एपीआयमधून, म्हणजे लिखित विनंती पाठवून यूट्यूबकडून थेट आकडे मागवण्याच्या सोयीतून मिळतं. गुगलच्या दस्तऐवजांच्या पानावर ही विनंती ब्राउझरमध्येच चालवून पाहता येते. चॅनेलच्या मालकाने स्वतःच्या लॉगिनने ती अशी चालवायची (तारखा आणि व्हिडिओचा आयडी तुमचा घाला):

```
ids=channel==MINE
startDate=2025-01-01
endDate=2025-01-28
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio,relativeRetentionPerformance
filters=video==VIDEO_ID;audienceType==ORGANIC
```

उत्तरात व्हिडिओचे शंभर समान तुकडे येतात. बारा मिनिटांच्या व्हिडिओत एक तुकडा 7.2 सेकंदांचा. प्रत्येक तुकड्यासमोर दोन आकडे असतात. audienceWatchRatio म्हणजे तो भाग किती प्रमाणात पाहिला गेला. लोक मागे जाऊन पुन्हा पाहत असतील तर तो 1 च्या वरही जातो. relativeRetentionPerformance 0 ते 1 असतो. 0.5 म्हणजे त्या टप्प्याला प्रेक्षक धरून ठेवण्यात समान लांबीचे निम्मे व्हिडिओ तुमच्या पुढे आणि निम्मे मागे. 0.7 म्हणजे सुमारे 70 टक्के व्हिडिओ मागे. हा आकडा म्हणजे रांगेतली जागा आहे, प्रेक्षकांची टक्केवारी नाही. 0.34 पाहून "34 टक्केच लोक उरले" असं वाचू नका.

ठिबक संचाचा फिल्टर साफ कसा करायचा, हे सांगणारा बारा मिनिटांचा व्हिडिओ घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. 0.04 या टप्प्याला, म्हणजे 29 व्या सेकंदाला, 52 टक्के प्रेक्षक आहेत आणि तुलनेचा आकडा 0.34 आहे. तिसऱ्या मिनिटाला 41 टक्के आणि 0.52. सहाव्या मिनिटाला 36 टक्के आणि 0.63. नवव्या मिनिटाला 33 टक्के आणि 0.68. पहिला आकडा खाली उतरत जातो. नुसती ती रेषा पाहिली तर व्हिडिओ हळूहळू मरतोय असं वाटतं. दुसरा मात्र चढत जातो. इतक्याच लांबीचे बाकीचे व्हिडिओ मध्यावर जेवढी माणसं गमावतात, त्याहून हा कमी गमावतो. फिल्टर उघडणं, जाळी ब्रशने घासणं, उलट्या पाण्याने धुणं हा गाभा मजबूत आहे. दुखणं पहिल्या तीस सेकंदांत आहे: लोगो, दुकानाची ओळख, "नमस्कार शेतकरी बंधूंनो" आणि मग विषय. इथे पाच मिनिटं कापणं म्हणजे निरोगी भागावर कात्री चालवणं. सुरुवातीचे 20 सेकंद काढून तुंबलेली जाळी थेट पहिल्या दृश्यात आणली की काम होतं, आणि त्याला आम्हाला अर्ध्या दिवसाहून जास्त लागत नाही.

उलट नमुनाही येतो. तीन मिनिटांच्या व्हिडिओत मध्यावर 55 टक्के प्रेक्षक आहेत आणि तुलनेचा आकडा 0.41. टक्केवारी देखणी आहे, पण त्या लांबीचे बहुतेक व्हिडिओ मध्यावर याहून चांगले टिकतात. मधला भाग पुन्हा बांधायला हवा तो इथे, आणि नेमक्या याच व्हिडिओबद्दल आम्हाला कुणी विचारत नाही.

हे वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. जाहिरात देऊन आणलेले प्रेक्षक लवकर निघून जातात आणि रेषा खाली ओढतात, म्हणून वरच्या विनंतीत ORGANIC ही चाळणी ठेवली आहे. स्टुडिओतही सशुल्क प्रेक्षक वेगळे काढून पाहता येतात. दुसरं, पहिल्या दोन-चार दिवसांत बहुतेक तुमचे सदस्यच पाहतात आणि ते जास्त थांबतात. नंतर सर्चमधून अनोळखी माणसं आली की रेषा उतरते. म्हणून आम्ही प्रत्येक व्हिडिओ 28 दिवसांनीच वाचतो, आणि चार दिवसांच्या व्हिडिओची तुलना वर्षभर जुन्या व्हिडिओशी करत नाही. तिसरं, ही तुलना फक्त लांबीची आहे, विषयाची नाही. फिल्टर सफाईचा व्हिडिओ त्याच लांबीच्या विनोदी व्हिडिओंच्याही रांगेत उभा असतो. त्यामुळे अशा विषयाला मध्यावर 0.5 च्या आसपासचा आकडा आम्ही समाधानकारक धरतो. शेवटच्या काही सेकंदांतली घसरण तर सोडूनच द्या. "धन्यवाद" ऐकू आलं की लोक जाणारच.

म्हणूनच दोन्ही रेषा पाहिल्याशिवाय आम्ही पुन्हा कापायचं काम हातात घेत नाही. काही ग्राहकांना ही टाळाटाळ वाटते. पण छापून झालेलं काम जसं बदलता येत नाही, तसाच यूट्यूबवरचा व्हिडिओही सहज बदलता येत नाही: नवी फाइल नव्याने चढवली की जुने व्ह्यूज आणि कमेंट जुन्याच लिंकवर राहतात. त्यापेक्षा दुखणं कुठे आहे ते आधी पक्कं केलेलं बरं.

आम्ही संपादित केलेल्या प्रत्येक व्हिडिओचं 28 दिवसांनंतरचं एक वाचन संपादनाच्या दरातच धरलेलं आहे. दुसरीकडे बनवलेले व्हिडिओही आम्ही वाचून देतो, त्याचे पैसे वेगळे. त्यासाठी स्क्रीनशॉट पाठवू नका. स्टुडिओत Settings मध्ये Permissions उघडा आणि आमच्या ईमेलला Viewer (limited) ही भूमिका द्या. त्यात तुमची कमाई आम्हाला दिसत नाही आणि आम्हाला काही बदलताही येत नाही. एपीआयची विनंती मात्र तुमच्याच लॉगिनने चालवायची आहे. अडलं तर फोन करा, स्क्रीन समोर ठेवून दहा मिनिटांत करून घेऊ. सोबत त्या व्हिडिओवर जाहिरात चालवली होती का आणि कोणत्या तारखांना, एवढं लिहून ठेवा.