फ्लॅट व्हेक्टर चित्रातून घटक काढून टाकणे

फ्लॅट व्हेक्टर चित्रातील एखादे पात्र किंवा वस्तू काढून टाकून मागे राहिलेली जागा जुळत्या आकारांनी व रंगांनी भरण्याचे काम. छायाचित्रात अशी जागा अंदाजाने भरावी लागते. इथे रंग एकसंध आणि कडा बिंदूंनी ठरलेल्या असतात, त्यामुळे पार्श्वभूमी साधी असेल तर ती अगदी पूर्ववत होऊ शकते.

किती श्रम पडतील हे मूळ फाइलवर अवलंबून असते. चित्रकाराने आधी अख्खी भिंत रेखाटून तिच्यावर मुलगा ठेवला असेल, तर मुलाचा ग्रुप डिलीट केला की काम झाले. पण बिटमॅपवरून ट्रेस केलेल्या किंवा मर्ज केलेल्या फाइलीत झाकलेला भाग बहुधा छाटलेला असतो आणि मुलगा काढताच भिंतीत त्याच्याच आकाराची खाच दिसते. म्हणून आधी आउटलाइन दृश्य पाहावे (इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Y). भिंतीची रेघ मुलाच्या मागून सरळ जात असेल तर चिंता नाही. ती त्याच्या अंगाला वळसा घालत असेल तर भरणे आले.

समजा, मुलगा पिवळ्या भिंतीसमोर उभा होता. समजायला सोपे जावे म्हणून खाच चौकोनी धरली आहे. SVG फाइलीत ती भिंत अशी लिहिलेली असते:

```
<path fill="#F2C14E"
 d="M0 0H400V300H240V120H180V300H0Z"/>
```

खाचेचे चार बिंदू काढले की भिंत सलग होते:

```
<path fill="#F2C14E" d="M0 0H400V300H0Z"/>
```

वर नवा पिवळा तुकडा चिकटवण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण जोडच उरत नाही. इंकस्केपमध्ये नुसते Delete दाबल्यास प्रोग्राम जुना आकार राखू पाहतो आणि कड फुगते; अशा वेळी Ctrl+Delete वापरावे. मुलाने अर्धी खिडकी झाकली असेल आणि ती सममित असेल, तर दिसणाऱ्या अर्ध्या भागाची प्रत आडवी उलटवून बसवतात.

रंगाची चूक बहुधा पारदर्शकतेमुळे होते. भिंतीवर अर्धपारदर्शक छटा असेल तर ड्रॉपरने पडद्यावरून उचललेला रंग म्हणजे भिंत आणि छटा यांचे मिश्रण. तो भिंतीला दिला की छटा दोनदा लागते आणि तिथला रंग आणखी गडद होतो. त्यापेक्षा शेजारच्या आकाराची फिल आणि अपारदर्शकता जशीच्या तशी घ्यावी. मुलाची सावली बऱ्याचदा वेगळ्या ग्रुपमध्ये असते आणि नजरेतून सुटते.

तुकडा जोडावाच लागला, तर कडेला कड लावून ठेवल्यास मध्ये केसाएवढी फिकट रेघ दिसते. झूम वाढवूनही ती तेवढीच बारीक राहिली तर दोष अँटिअलायझिंगचा, म्हणजे पडद्यावर कडा मऊ दाखवण्याच्या पद्धतीचा. रुंद होत गेली तर फट खरी आहे. दोन्ही वेळी खालच्या आकाराची कड वरच्या आकाराखाली एखादा पिक्सेल जाईल इतकी वाढवली की पुरते.

पात्रामागे अर्धी सायकल असेल तर मात्र तिचा छाटलेला भाग फाइलीत कुठेच नसतो. तो नव्याने काढावा लागतो, नाहीतर सायकलही काढून टाकावी लागते.