मंदारिनमधील हलका स्वर आणि ‘पू’ व ‘यी’ यांचे स्वरबदल

मंदारिन चिनी भाषेत प्रत्येक अक्षराला स्वर असतो: १ उंच आणि सपाट, २ चढता, ३ खालचा, ४ झपाट्याने उतरता. या नोंदीत अक्षरापुढचा आकडा स्वर दाखवतो. नकारवाचक शब्द रोमन लिपीत bu असा लिहितात, पण त्यातला व्यंजन मराठी ‘प’च्या जवळचा आहे, म्हणून येथे ‘पू’ लिहिले आहे.

चारांपलीकडच्या हलक्या स्वराला (०) स्वतःची उंची नसते. अक्षर आखूड आणि सैल उच्चारतात, उंची आधीचे अक्षर ठरवते. मा१मा० (आई) आणि ये२ये० (आजोबा) यांत दुसरे अक्षर पहिल्याच्या शेवटापेक्षा खाली येते. नाय३नाय० (आजी) यात उलट ते वर उचलले जाते. पा४पा० (वडील) यात ते अगदी तळाला जाते. नवशिके ही अक्षरे सरसकट एकाच उंचीवर म्हणतात, तिथे घोटाळा होतो. हलकेपणाने अर्थही बदलतो: तुंग१शी१ म्हणजे पूर्व-पश्चिम, तुंग१शि० म्हणजे वस्तू. तैवानमध्ये मात्र असे बरेच शब्द पूर्ण स्वरात बोलतात.

‘पू’चा मूळ स्वर ४. पू४ लाय२ (येत नाही), पू४ हाव३ (चांगले नाही) यांत तो तसाच राहतो. पुढे ४ आला की तो चढता होतो: पू२ याव४, म्हणजे आपले ‘नको’. इथे दोन्ही अक्षरे उतरती म्हटली, तर शब्द दोन धक्क्यांत तुटल्यासारखा ऐकू येतो. चूक ओळखण्याची ही सोपी खूण.

‘यी’ (एक) मोजताना आणि क्रमांकात १ स्वरातच राहतो. परिमाणवाचक शब्दाआधी तो बदलतो: ४ पुढे असल्यास २, इतर स्वरांपुढे ४. म्हणून यी४ थ्येन१ (एक दिवस), यी४ न्येन२ (एक वर्ष), पण यी२ ख्वाय४ (एक युआन).

खरी परीक्षा महिन्यांच्या जोडीत होते. यी१ युए४ म्हणजे जानेवारी. पुढे ४ असूनही बदल नाही, कारण हा ‘पहिला महिना’ आहे. यी२ क० युए४ म्हणजे एक महिना. इथे ‘यी’पुढचा ‘क’ हलका झाला आहे, तरी त्याचा मूळ स्वर ४ होता आणि नियम त्या मूळ स्वराकडे पाहतो. हे कळले नाही, तर यी२ कुठून आला याचा उलगडा होत नाही.

दोन सारख्या क्रियापदांत किंवा विशेषणांत अडकले की ‘पू’ आणि ‘यी’ स्वतःच हलके होतात: हाव३ पू० हाव३ (चांगले आहे का?), खान४ यी० खान४ (जरा बघ).

चिनी लिपीत यातले काहीच दिसत नाही. रोमन लेखनाच्या अधिकृत नियमानुसार शब्दकोश मूळ स्वर छापतात, तर अनेक पाठ्यपुस्तके बदललेला. हातातले पुस्तक कोणती पद्धत पाळते, हे ‘नको’ हा शब्द उघडून लगेच कळते: त्यात ‘पू’वर चढती खूण असेल, तर बदल आधीच केलेला आहे.