पर्ल बार्ली आणि हल्ड बार्ली : तंतू, भिजवण आणि शिजण्याचा वेळ

भुसारी दुकानात बार्ली मागितली की गोव्यात बहुधा पर्ल बार्लीच हातात पडते. दाणे पांढरट आणि गोलसर असतात, त्यांची टोके झिजलेली असतात आणि मध्ये एक तपकिरी चीर दिसते. हल्ड बार्ली मोठ्या दुकानांत किंवा आरोग्याचे पदार्थ विकणाऱ्यांकडे मिळते. तिचा दाणा लांबट, तांबूस-पिवळा आणि किंचित चकचकीत असतो, आणि त्याची टोके शाबूत असतात. पाकिटावर दोन्हींना नुसते बार्ली असेच म्हटलेले असू शकते, म्हणून नावापेक्षा दाणा पाहून ओळख पटवणे अधिक खात्रीचे ठरते. पूजेसाठी किंवा रुजवणासाठी जे जव मिळतात त्यांवर गवतासारखे तूस तसेच असते. ते कितीही शिजवले तरी दाताखाली येत राहते, त्यामुळे ते जव स्वयंपाकासाठी घेऊ नयेत.

बार्लीच्या बहुतेक वाणांत तूस दाण्याला अक्षरशः चिकटलेले असते, आणि भातासारखे ते सहज सुटत नाही. ते घासूनच काढावे लागते. हे घासणे तूस निघताच थांबवले, तर कोंड्याचे थर आणि अंकुर दाण्यावर राहतात आणि हल्ड बार्ली तयार होते. घासणे पुढे चालू ठेवले, तर कोंडा जातो, अंकुरही बहुतांशी जातो, आणि आतला पिठूळ भाग तेवढा गोल होऊन उरतो. ती पर्ल बार्ली होय. भिजवणे, शिजवणे आणि साठवणे यांतील जवळजवळ सगळे फरक या एका कृतीतून निघतात. तंतूंच्या बाबतीत मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे घडते.

गहू किंवा तांदूळ पॉलिश केला की त्यातील बहुतेक तंतू कोंड्याबरोबर निघून जातात, आणि त्या अनुभवावरून पर्ल बार्लीतही काही उरत नसावे असा समज होतो. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांत १०० ग्रॅम कच्च्या हल्ड बार्लीत सुमारे १७.३ ग्रॅम, तर तेवढ्याच पर्ल बार्लीत सुमारे १५.६ ग्रॅम तंतू दिलेले आहेत. फरक आहे, पण लहान आहे. याचे कारण असे की बार्लीतील बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू कोंड्यापुरता मर्यादित नसून दाण्याच्या आतल्या पेशींच्या भिंतींत सर्वत्र पसरलेला असतो, आणि बाहेरून कितीही घासले तरी तो आत राहतोच. पेज दाट आणि बुळबुळीत होते ती याच तंतूमुळे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत करणारा म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो घटकही हाच. पर्ल बार्लीत कमी होतात ते मुख्यतः कोंड्यातील अविद्राव्य तंतू, म्हणजे पोट साफ राहण्यास उपयोगी पडणारे. कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वाचा मोठा भाग आणि थोडे लोह व प्रथिनेही जातात. म्हणून हल्ड बार्ली निवडायची असेल तर ती या गोष्टींसाठी निवडावी. केवळ तंतूंच्या आकड्यावरून पर्ल बार्लीला नाकारणे मला योग्य वाटत नाही.

चार माणसांच्या पेजेचे उदाहरण घेऊ. त्यासाठी १०० ग्रॅम बार्ली पुरते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम येते. पर्ल बार्लीच्या पेजेतून एका माणसाला सुमारे ३.९ ग्रॅम तंतू मिळतात आणि हल्ड बार्लीच्या पेजेतून सुमारे ४.३ ग्रॅम, म्हणजे अंतर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी आहे. मात्र दाणे गाळून टाकून नुसते बार्लीचे पाणी प्यायले, तर पाण्यात उतरलेला थोडा विद्राव्य तंतू तेवढा मिळतो आणि उरलेला गाळणीत राहतो. उन्हाळ्यात असे पाणी पिणाऱ्यांनी त्याकडे तंतूंचा स्रोत म्हणून पाहू नये. त्या कामासाठी हल्ड बार्ली वापरण्यातही फारसा अर्थ नाही, कारण तिचा कोंडा गाळणीतच अडकतो.

आता भिजवण. पर्ल बार्लीवर पाणी अडवणारे थर उरलेले नसल्यामुळे ती भिजवणे आवश्यक नाही. पाणी गढूळ येईनासे होईपर्यंत दोन-तीनदा धुतली की पुरे, आणि वेळ असेल तर अर्धा तास भिजवली तरी चालते. हल्ड बार्लीचे कोंड्याचे थर पाणी सावकाश आत सोडतात, म्हणून ती सहा ते आठ तास भिजवावी. गोव्याच्या दमट उष्ण हवेत ओट्यावर रात्रभर ठेवलेले भांडे सकाळी आंबूस वास देऊ शकते, विशेषतः मे महिन्यात. अशा दिवसांत भांडे फ्रिजमध्ये ठेवावे आणि शिजवण्यापूर्वी पाणी बदलावे. पाण्यावर फेस आला असेल किंवा दाणे बुळबुळीत लागत असतील तर ते वापरू नयेत.

उघड्या टोपात, एक वाटी दाण्यांना तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर ठेवल्यास पर्ल बार्ली साधारण ३० ते ४० मिनिटांत मऊ होते. भिजवलेल्या हल्ड बार्लीला ४५ ते ६० मिनिटे लागतात, आणि न भिजवता चढवली तर सव्वा ते दीड तासही जातो. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पर्ल बार्लीला १५ ते २० मिनिटे आणि भिजवलेल्या हल्ड बार्लीला सुमारे २५ मिनिटे द्यावीत. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटे मोजावीत, कारण शिट्टीचा वेग कुकर आणि आच यांवर अवलंबून असतो. बार्लीला फेस फार येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकू शकतो, म्हणून कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये. पेजेसाठी १०० ग्रॅम दाण्यांना साधारण एक लिटर पाणी घ्यावे. निवल्यावर ती घट्ट होते, तेव्हा वाढताना गरम पाणी मिसळावे.

शिजल्याची खूण दोन्हींत सारखी नसते. पर्ल बार्लीचा दाणा बोटांत दाबला की सहज चेपला जातो आणि मध्ये पांढरा कडक ठिपका राहत नाही. हल्ड बार्लीत आतला ठिपका नाहीसा झाला तरी बाहेरचा थर दाताला किंचित लागतो, साधारण सुरय तांदळाच्या तुलनेत उकड्या तांदळाचा दाणा लागतो तसा. हा चिवटपणा कच्चेपणा समजून शिजवतच राहिले की दाणे फुटतात, पीठ बाहेर येते, आणि तरीही कोंडा मऊ होत नाही.

दोन्ही प्रकार एकाच कुकरात एकत्र लावू नयेत, कारण हल्ड बार्ली होईपर्यंत पर्ल बार्लीचा लगदा होतो. पाकिटात मिश्रण आले असल्याची शंका आल्यास मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरावेत. रंग आणि टोकांवरून ते लगेच वेगळे ओळखू येतात.

साठवणीत हल्ड बार्ली अधिक नाजूक असते. तिच्या अंकुरात तेल असल्यामुळे ती लवकर खवट होते. पावसाळ्यात ती थोडीच आणावी, हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वापरण्यापूर्वी हुंगून पाहावी. पर्ल बार्ली कोरड्या डब्यात अधिक काळ टिकते, पण किडीपासून तिलाही जपावे लागते. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनी मात्र दोन्हींपासून दूर राहावे, कारण बार्लीतील ग्लुटेन दाण्याच्या आत असते आणि घासून काढल्याने ते जात नाही.