संत्र्याचे पान, टी-चाचणी आणि निष्कर्षाचे एक वाक्य

नागपूर परिसरातील महाविद्यालयांत जीवशास्त्राचा छोटा प्रकल्प करायचा म्हटले की संत्र्याचे झाड हाताशी असतेच. काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूंच्या बागांतून पाने आणावीत, पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे मोजावीत. हे काम विद्यार्थी सहसा नीट करतात. चूक बहुधा अहवालाच्या शेवटच्या पानावर होते, कारण टी-चाचणीतून निघालेला आकडा शब्दांत मांडताना त्या आकड्याने न सांगितलेली गोष्टही लिहिली जाते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. त्यातील आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांवर पर्णरंध्रांची संख्या वेगळी असते का, हा प्रश्न आहे. बागेतील वीस झाडे चिठ्ठ्या टाकून निवडली. त्यांपैकी दहा झाडांवरून बाहेरच्या, दिवसभर ऊन लागणाऱ्या फांदीचे एकेक पान घेतले आणि उरलेल्या दहा झाडांवरून आतल्या, सावलीतल्या फांदीचे एकेक पान घेतले. प्रत्येक पानावर पाच दृष्टिक्षेत्रांत रंध्रे मोजून त्यांची सरासरी काढली, म्हणजे एका पानाचा एकच आकडा झाला. उन्हातल्या पानांची सरासरी ८३.२ आणि प्रमाण विचलन ९.० आले, तर सावलीतल्या पानांची सरासरी ७४.० आणि प्रमाण विचलन ९.५ आले.

शून्य परिकल्पना मांडताना पहिली अडचण येते. 'आपल्या दोन गटांच्या सरासरींत फरक नाही' असे अनेक अहवालांत लिहिलेले असते, परंतु ८३.२ आणि ७४.० यांत फरक आहे हे डोळ्यांना दिसतेच आणि त्यासाठी चाचणीची गरज नाही. परिकल्पना हातातल्या वीस पानांबद्दल नसते. ज्या समष्टीतून ती पाने आली, त्या समष्टीबद्दल ती असते. म्हणून 'या बागेतील संत्र्याच्या झाडांवर उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांच्या खालच्या बाजूची, दर दृष्टिक्षेत्रातील पर्णरंध्रांची सरासरी संख्या सारखीच आहे' असे लिहावे. पर्यायी परिकल्पना 'ती सारखी नाही' अशी राहील. फरक कोणत्याही दिशेने असू शकतो हे आपण मान्य करतो, म्हणून चाचणी द्विपुच्छी ठरते, आणि हा निर्णय पाने मोजण्यापूर्वीच घ्यायचा असतो.

आता गणित. दोन सरासरींतील फरक ९.२ आहे आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ४.१४ येते. फरकाला त्रुटीने भागले की टी-मूल्य २.२२ मिळते. गटांत दहा-दहा पाने असल्यामुळे डिग्रीज ऑफ फ्रीडम अठरा होतात आणि त्यावरून पी-मूल्य ०.०३९ येते. या ०.०३९ चा अर्थ असा की, समष्टीत खरोखर काहीच फरक नसता आणि चाचणीची गृहीतके पाळली गेली असती, तर निव्वळ योगायोगाने एवढे किंवा याहून टोकाचे टी-मूल्य शंभरातून जवळपास चार वेळा दिसले असते. शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३.९ टक्के आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. पी-मूल्य काढताना शून्य परिकल्पना खरी आहे असे आपण आधीच धरलेले असते, त्यामुळे तेच मूल्य तिच्या खरेपणाची शक्यता सांगू शकत नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या अहवालांतील सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज हाच आहे, आणि तोंडी परीक्षेत त्यावर थोडा वेळ घालवणे योग्यच ठरेल.

निष्कर्षाचे वाक्य मग असे लिहिता येईल: 'उन्हातल्या पानांवर दर दृष्टिक्षेत्रात सरासरी ८३.२ (प्रमाण विचलन ९.०) आणि सावलीतल्या पानांवर ७४.० (प्रमाण विचलन ९.५) पर्णरंध्रे आढळली, प्रत्येक गटात दहा पाने होती. हा फरक ०.०५ या सार्थकता पातळीवर सार्थक आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली आहे. फरकाचा ९५ टक्के विश्वासांतराल ०.५ ते १७.९ आहे.' त्याला जोडून चाचणीचा निकाल पुढीलप्रमाणे द्यावा:

t(18) = 2.22, p = 0.039

चाचणी स्वतंत्र नमुन्यांची आणि द्विपुच्छी होती, हेही सांगावे. पानांमधील विखुरणे दाखवायचे असेल तर प्रमाण विचलन द्यावे. नुसते '८३.२ ± ९.०' लिहिल्यास तो आकडा विचलनाचा आहे की प्रमाण त्रुटीचा, हे वाचकाला कळत नाही, आणि इथे प्रमाण त्रुटी तर फक्त २.८ च्या आसपास आहे. संगणकाने पी-मूल्य ०.००० दाखवले तर ते तसेच उतरवू नये. ते शून्य नसते, केवळ तीन दशांश स्थळांत मावत नाही, म्हणून ०.००१ पेक्षा कमी असे लिहावे. विश्वासांतराल देणे मला फार आवश्यक वाटते, कारण खरा फरक अर्ध्या रंध्राइतका क्षुल्लक असू शकतो किंवा अठरा रंध्रांइतका मोठाही असू शकतो, हे 'सार्थक' या एका शब्दातून कधीच कळले नसते.

वाक्यात 'आढळली' हे क्रियापद मुद्दाम घेतले आहे. 'उन्हामुळे रंध्रे वाढली' असे लिहिता येत नाही, कारण कोणत्या फांदीला ऊन मिळावे हे आपण ठरवलेले नव्हते आणि बाहेरच्या फांदीचे तापमान, वारा आणि आर्द्रताही वेगळी असते.

समजा, पावसामुळे बागेत जाता आले नाही आणि प्रत्येक गटात पाचच पाने मिळाली. सरासरी आणि प्रमाण विचलन अगदी तेच राहिले, तरी टी-मूल्य १.५७ वर उतरते, डिग्रीज ऑफ फ्रीडम आठ होतात आणि पी-मूल्य ०.१५५ येते. आता 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली' किंवा 'दोन्ही प्रकारच्या पानांत फरक नाही' असे लिहिण्याचा मोह होतो. पण फरक अजूनही ९.२ च आहे, फक्त पुरावा तोकडा पडला आहे. विश्वासांतराल आता उणे ४.३ ते २२.७ इतका रुंद झाला आहे, त्यात शून्यही बसते आणि बावीसही बसते. म्हणून 'उपलब्ध नमुन्यावरून शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' एवढेच लिहावे आणि विश्वासांतराल सोबत द्यावा. ०.०५ ही सीमा १९२५ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी सोयीची म्हणून वापरात आणली. ती निसर्गाने आखलेली रेषा नाही, त्यामुळे ०.०४९ आणि ०.०५१ या निकालांना दोन टोकांचे अर्थ देणे चुकीचे आहे.

निकालातील कंसातला १८ हा आकडा वाचकाला आणखी एक गोष्ट तपासू देतो. वीस पानांवरच्या प्रत्येकी पाच दृष्टिक्षेत्रांना स्वतंत्र नोंदी मानले, तर नोंदी शंभर होतात, कंसात ९८ येतो आणि पी-मूल्य सहसा फसवे लहान होते. प्रत्यक्षात एकाच पानावरची पाच क्षेत्रे एकमेकांसारखी असतात आणि त्यांतून नव्या झाडाची माहिती मिळत नाही. अहवालात वीस पाने सांगितली असून कंसात ९८ दिसला, तर परीक्षकाने मूळ तक्ता मागावा. उलट प्रत्येक झाडावरूनच उन्हातले एक आणि सावलीतले एक अशी जोडी घेतली असेल, तर दहा झाडांसाठी जोडीची टी-चाचणी लागते आणि कंसात ९ यायला हवा.